लॉसची रेघ काय सांगते

हस्ताक्षरातलं देवनागरी अक्षर ओळखायला एखादं न्यूरल नेटवर्क शिकवायला घेतलं, की पडद्यावर उमटणारा पहिला आकडा ३.८३ च्या आसपास असायला हवा. तो ११ आला किंवा ०.५ आला, तर शिकवणं तिथेच थांबवून आधी कोड तपासावा. एवढ्या ठामपणे हे सांगता येतं, कारण हा आकडा आधीच कागदावर काढता येतो. पुढे तासन्‌तास पडद्यावर जी रेघ उमटत जाते, ती वाचण्याची सुरुवात याच आकड्यापासून होते.

उदाहरणासाठी नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अक्षरसंग्रह घेऊ. त्यात ३६ व्यंजनं आणि १० अंक असे ४६ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाची २,००० चित्रं आहेत, म्हणजे एकूण ९२,०००. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ ठिपक्यांचं आहे. संग्रह नेपाळीसाठी केलेला असल्यामुळे त्यात आपला ‘ळ’ नाही. मराठीसाठी वापरायचा तर तेवढी चित्रं आपली आपण जमवावी लागतील. प्रत्येक वर्गातली १,७०० चित्रं शिकवण्यासाठी आणि ३०० चित्रं अखेरच्या परीक्षेसाठी अशी त्याची वाटणी आहे. त्या १,७०० मधली २०० आपण आणखी बाजूला काढू. त्यांना व्हॅलिडेशनची चित्रं म्हणतात आणि नेटवर्क त्यांच्यावरून काहीही शिकत नाही. शिकवायला उरली ६९,००० चित्रं. ती १२८-१२८ च्या जुड्यांनी, म्हणजे बॅचेसनी नेटवर्कपुढे ठेवायची. साधारण ५४० बॅचेस झाल्या की सगळी चित्रं एकदा बघून होतात. या एका फेरीला एपॉक म्हणतात.

चित्र बघून नेटवर्क एकच उत्तर देत नाही. ४६ वर्गांपैकी प्रत्येकाची शक्यता ते सांगतं. बरोबर उत्तराला त्यानं जेवढी शक्यता दिली, तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन चिन्ह उलटं केलं की त्या चित्राचा लॉस मिळतो. बरोबर अक्षराला ०.९ शक्यता दिली, तर लॉस ०.१०५. निम्मी दिली, तर ०.६९. हजारात एक दिली, तर ६.९. अजून काहीच न शिकलेलं नेटवर्क सगळ्यांना जवळपास सारखीच, म्हणजे ४६ त एक शक्यता देतं. तिचा लॉस ३.८३. सुरुवातीलाच आकडा याहून बराच मोठा आला, तर काही न शिकताच नेटवर्क चुकीच्या उत्तरांवर ठाम आहे, म्हणजे त्याची सुरुवातीची मांडणी बिघडली आहे. फारच लहान आला, तर बहुधा उत्तर कुठून तरी चित्राबरोबर आत शिरतं आहे.

शिकणं म्हणजे हा लॉस कमी करणं. नेटवर्कमध्ये लाखो आकडे असतात, त्यांना वेट्स म्हणतात. एखादं वेट किंचित बदललं तर लॉस किती वेगानं वाढेल, हे प्रत्येक वेटसाठी गणितानं काढता येतं. तो त्या वेटचा उतार, म्हणजे ग्रेडियंट. मग प्रत्येक वेट उताराच्या उलट दिशेनं थोडं सरकवायचं:

```
w = w - lr * grad
```

यातला `lr` म्हणजे लर्निंग रेट. ग्रेडियंट कुठल्या दिशेला जायचं ते सांगतो. पाऊल केवढं टाकायचं, हे `lr` ठरवतो आणि तो माणसाला निवडावा लागतो. फ्रेंच गणिती कोशी यांनी उताराच्या दिशेनं पायरीपायरीनं जाण्याची ही पद्धत १८४७ मध्ये मांडली.

`lr` ची निवड इतकी नाजूक का, हे दोनच वेट्स घेऊन हातानं करून बघता येतं. समजा, पहिल्या वेटचा उतार त्या वेटच्या २० पट आहे आणि दुसऱ्याचा फक्त ०.२ पट. दोन्ही वेट्स १ पासून सुरू होतात आणि दोन्ही शून्यावर आली की लॉसही शून्य होतो. हा आकार एखाद्या लांबट घळीसारखा आहे: आडवं गेलं तर कडे अगदी उभे आणि घळीच्या लांबीच्या दिशेनं जेमतेम जाणवणारा उतार.

`lr` ०.०९ घेतला, तर पहिलं वेट दर पावलाला उणे ०.८ नं गुणलं जातं. १, उणे ०.८, ०.६४, उणे ०.५१ असं ते शून्याच्या या बाजूला, त्या बाजूला उड्या मारत आत येतं. दुसरं वेट दर पावलाला ०.९८२ नं गुणलं जातं आणि निम्मं व्हायला त्याला सुमारे ३८ पावलं लागतात. सावकाश का होईना, काम होतं. आता `lr` ०.११ करू. बदल अगदी किरकोळ दिसतो. पण पहिलं वेट आता दर पावलाला उणे १.२ नं गुणलं जातं. प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी होते आणि त्या दिशेचा लॉस दर पावलाला १.४४ पट वाढतो. १९ पावलांत तो हजारपट होतो. दुसरं वेट या वेळी अगदी नीट शून्याकडे चाललेलं असतं, पण त्याचा काही उपयोग नसतो. या दोन वागणुकींच्या मधली सीमा ०.१ वर आहे, म्हणजे २ भागिले २०. सर्वांत उभी दिशा ही मर्यादा घालून देते आणि बाकी सगळ्या दिशांना ती पाळावी लागते.

भीतीपोटी `lr` ०.००१ इतका खाली आणला, तर दुसरी अडचण येते. पहिलं वेट दर पावलाला २ टक्क्यांनी कमी होत राहतं, म्हणून लॉस सुरुवातीला छान उतरतो. पण दुसऱ्या वेटला निम्मं व्हायला जवळपास ३,५०० पावलं लागतात. आलेखावर मग एक कोपर दिसतं: आधी उतार आणि नंतर जवळजवळ सपाट रेघ. बघणाऱ्याला वाटतं, नेटवर्क शिकायचं तेवढं शिकलं. खरं तर त्यानं फक्त सोप्या दिशेचं काम उरकलेलं असतं. न्यूरल नेटवर्कमध्ये अशा दिशा लाखो असतात. म्हणून शहाणपणाचा `lr` हा सीमेच्या अलीकडे, पण तिच्यापासून फार लांब नसलेला असतो.

ही सीमा खऱ्या नेटवर्कमध्ये सूत्रानं काढणं परवडत नाही, म्हणून ती चाचपून शोधतात. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतले लेस्ली स्मिथ यांनी २०१५ मध्ये यासाठी एक चाचणी सुचवली. तिचं आज रूढ असलेलं रूप असं: `lr` ०.००००१ पासून सुरू करायचा आणि प्रत्येक बॅचनंतर सुमारे ४ टक्क्यांनी वाढवत न्यायचा. तीनशे पावलांत तो १ पर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या अक्षरांची एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही. लॉस आधी ३.८३ वर सपाट राहतो, मग उतरू लागतो, वेग घेतो, तळाला टेकतो आणि एकाएकी वर उसळतो. इथे नवखा माणूस तळाचा `lr` उचलतो. तळ हा स्फोटाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे ती निवड धोक्याची ठरते. लॉस सर्वांत वेगानं उतरत होता तिथला, साधारण स्फोटाच्या जागेपेक्षा दहापट लहान `lr` घ्यावा. शोध नेहमी गुणाकारानं करावा: ०.००१, ०.००३, ०.०१, ०.०३. ०.०१० आणि ०.०११ यांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. २०१४ मध्ये मांडलेली ‘ॲडम’ ही पद्धत प्रत्येक वेटचं पाऊल त्याच्या अलीकडच्या उतारांच्या मानानं लहानमोठं करते. तिच्या कर्त्यांनी सुचवलेला ०.००१ हा आकडा आज बहुतेक लोक डोळे झाकून ठेवतात आणि पुष्कळदा तो चालूनही जातो. पण ॲडम वापरला म्हणून सीमा नाहीशी होत नाही.

आता रेघ बिघडते तेव्हा ती कशी दिसते, ते पाहू. सर्वांत ठळक बिघाड म्हणजे स्फोट. लॉस ३.८३ वरून ५, १२, ९०० असा चढतो आणि काही पावलांत पडद्यावर `nan` उमटतो. आकडा संगणकाच्या मोजमापाबाहेर गेला, असा त्याचा अर्थ. हे ओळखायला कुणाच्या मदतीची गरज नाही. फसवा प्रकार वेगळाच आहे. कधीकधी लॉस एकदाच उसळतो, खाली येतो आणि ३.८३ वर येऊन बसतो तो हलतच नाही. एका अवाढव्य पावलानं आतली वेट्स अशा जागी फेकली गेलेली असतात, की मधल्या थरांतून कुठल्याही चित्रासाठी शून्यच बाहेर पडतं. नेटवर्कला आता चित्र दिसतच नाही, आणि सगळ्यांना सारखी शक्यता देणं एवढंच त्याच्या हाती उरतं. उलट `lr` फारच लहान असला, तरीही रेघ ३.८३ वरच सपाट दिसते. एकाच दिसण्यामागे दोन विरुद्ध कारणं, आणि त्यांवरचे उपायही परस्परांविरुद्ध. फरक कळतो तो पहिल्या शंभर-दीडशे पावलांत. म्हणून लॉस दर एपॉकला न लिहिता दर पावलाला लिहून ठेवावा. एपॉकची सरासरी तेवढीच उसळी गिळून टाकते आणि नेमका पुरावा नाहीसा होतो.

सीमा एका जागी राहत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. नेटवर्क शिकतं तसा त्याच्या लॉसचा आकार बदलतो. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या काईमिंग हे आणि सहकाऱ्यांनी ११० थरांचं ‘रेझनेट’ शिकवताना हे अनुभवलं. सुरुवातीलाच ०.१ हा `lr` जास्त ठरत होता. त्यांनी पहिली सुमारे ४०० पावलं ०.०१ नं चालवली, चूक ८० टक्क्यांच्या खाली आली आणि मग ०.१ वर गेले. तिथून पुढे तोच ०.१ चालला. सुरुवातीला `lr` असा हळूहळू चढवण्याला वॉर्म-अप म्हणतात आणि आज मोठ्या नेटवर्कमध्ये तो जवळपास सगळीकडे असतो.

पुढे मध्येच कधीतरी होणारे स्फोट जास्त महागात पडतात. मेटा कंपनीनं २०२२ मध्ये १७५ अब्ज वेट्सचं भाषेचं मॉडेल प्रसिद्ध केलं आणि त्याच्याबरोबर ते शिकवतानाची रोजनिशीही खुली केली. हा मोकळेपणा मला त्या मॉडेलपेक्षाही मोलाचा वाटतो. लॉस भरकटला की मागच्या जतन केलेल्या टप्प्यावर जायचं, `lr` कमी करायचा आणि पुन्हा सुरू करायचं, असं त्यांना वारंवार करावं लागलं. लॉस भरकटण्याच्या सुमारास शेवटच्या थरातल्या आकड्यांचं आकारमान फुगत असल्याचंही त्यांनी नोंदवलं. त्याच वर्षी गूगलच्या ‘पाम’ मॉडेलला सुमारे २० वेळा अशा उसळ्या आल्या. तिथे उसळीच्या साधारण १०० पावलं आधीच्या टप्प्यावर जाऊन पुढच्या २०० ते ५०० बॅचेस वगळल्या गेल्या. दोष त्या बॅचेसचाच आहे का, हेही त्यांनी तपासलं. त्याच बॅचेस वेगळ्या टप्प्यावरून दिल्या, तेव्हा उसळी आली नाही. म्हणजे विशिष्ट बॅच आणि वेट्सची विशिष्ट अवस्था एकत्र आली, तरच तो प्रकार घडत होता.

स्फोट निदान लपत नाही. अडकणं ओळखणं त्याहून अवघड आहे, कारण सपाट रेघ म्हणजे यश असंही असू शकतं. आपल्या अक्षरांचा लॉस ३.८३ वरून उतरून ०.४ च्या आसपास येऊन थांबला, असं समजू. इथे रेघेची जाडी बघावी. रेघ ०.३ आणि ०.५ च्या मध्ये सतत थरथरत असेल आणि तिची सरासरी हलत नसेल, तर पावलं तळापेक्षा मोठी आहेत. प्रत्येक बॅचमध्ये वेगळी १२८ अक्षरं असल्यामुळे प्रत्येक बॅचचा उतार थोडा वेगळा येतो. `lr` मोठा असला की ही तफावत वेट्सना तळाभोवती भिरभिरत ठेवते. अशा वेळी `lr` दहापट कमी केला, की काहीशे पावलांत लॉस पायरी उतरल्यासारखा खाली येतो. रेझनेटच्या आलेखांतल्या त्या प्रसिद्ध पायऱ्या अशाच आहेत: रेघ सपाट झाली की `lr` दहानं भागायचा. रॉबिन्स आणि मन्रो यांनी १९५१ मध्येच याचं गणित मांडलं होतं. पावलं लहान होत गेली पाहिजेत, पण त्यांची बेरीज कुठे अडून राहता कामा नये. नाहीतर तळ गाठण्याआधीच चाल संपते. पायरी फार लवकर उतरवणाऱ्याचं नेमकं हेच होतं. लॉस त्या क्षणी सुंदर पडतो आणि मग आधीच्यापेक्षा वाईट जागी गोठतो.

रेघ थरथरत नाही, बारीक आणि गुळगुळीत आहे आणि अगदी सावकाश उतरते आहे, तर मामला उलटा आहे: `lr` लहान आहे. तो तिप्पट करून बघावा.

दोन्ही करून रेघ हलत नसेल, तर संशय `lr` वरून उचलून कोडवर न्यावा. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. फक्त २० अक्षरं घ्यायची आणि तीच तीच पुन्हा पुन्हा शिकवायची. धडधाकट नेटवर्क ती पाठ करतं आणि लॉस शून्याजवळ जातो. गेला नाही, तर चित्रं आणि त्यांची उत्तरं यांची जोडी कुठेतरी तुटली आहे किंवा वेट्स बदलतच नाहीत. ही परीक्षा दोन मिनिटांत होते, तरीही लोक ती टाळतात आणि दिवस दिवस `lr` बदलत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

तिसरा बिघाड शिकवण्याच्या रेघेत दिसतच नाही. ती ०.४, ०.१, ०.०२ अशी उतरतच जाते. त्यासाठीच ती प्रत्येक वर्गातून बाजूला काढलेली २०० चित्रं असतात. दर एपॉकनंतर त्यांचा लॉस वेगळा काढून दुसरी रेघ आखायची. सुरुवातीला ही दुसरी रेघ पहिलीच्या खाली दिसली, तर दचकू नये. एपॉकचा शिकवण्याचा लॉस ही पूर्ण फेरीची सरासरी असते, तर व्हॅलिडेशनचा लॉस फेरी संपल्यावर, जास्त शिकलेल्या नेटवर्कवर मोजलेला असतो. पुढे दोन रेघा वेगळ्या होतात. पहिली उतरत राहते आणि दुसरी तळाला जाऊन हळूच वर वळते. नेटवर्क आता अक्षर शिकण्याऐवजी ठरावीक ६९,००० चित्रं पाठ करायला लागलेलं असतं. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. व्हॅलिडेशनचा लॉस वाढत असताना बरोबर उत्तरांचं प्रमाणही वाढू शकतं. हे कसं, ते १०० अक्षरांवर करून बघू. आधीच्या टप्प्यावर ९५ अक्षरं बरोबर आली आणि प्रत्येकाला ०.९ शक्यता दिली. उरलेल्या ५ मध्ये खऱ्या अक्षराला ०.१ शक्यता दिली, म्हणजे चुकलं, पण शंका शिल्लक ठेवून. सरासरी लॉस येतो ०.२१५. पुढच्या टप्प्यावर ९६ बरोबर आली, प्रत्येकी ०.९९९ शक्यतेनं. चुका चारच राहिल्या, पण तिथे खऱ्या अक्षराला दहा हजारात एक शक्यता दिली. अशा प्रत्येक चुकीचा लॉस ९.२ आणि सरासरी ०.३७. एक चूक कमी झाली, तरी लॉस दीडपटीहून जास्त झाला. घाईनं लिहिलेला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत माणूसही घुटमळतो. नेटवर्कनं मात्र घुटमळणं सोडून दिलेलं असतं. मोठ्या नेटवर्कमध्ये हा प्रकार घडतो, हे चुआन गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

मग थांबायचं कुठे? नुसतं अक्षर हवं असेल, तर बरोबर उत्तरांच्या टक्केवारीकडे बघून थोडं पुढे जायला हरकत नाही. पण ‘खात्री नसेल तर माणसाकडे पाठव’ अशी व्यवस्था करायची असेल, उदाहरणार्थ अर्जावरचं नाव वाचताना, तर खात्रीचा आकडाच कामाचा असतो. तेव्हा व्हॅलिडेशनचा लॉस सर्वांत कमी होता त्या टप्प्यावरची वेट्स घ्यावीत. त्यासाठी दर एपॉकला वेट्स जतन करावी लागतात. तळ आला हे तो मागे पडल्यावरच कळतं, म्हणून लॉस चार-पाच एपॉक सलग वाढला की मगच थांबायचं आणि मागे जायचं. वळण पुढे ढकलायचं असेल, तर शिकवण्याच्या चित्रांना दरवेळी थोडं तिरकं करावं, एखाद-दोन ठिपके सरकवावं. आरशातल्यासारखं उलटं मात्र करू नये. मांजराचं चित्र उलटलं तरी मांजरच राहतं. अक्षराचं तसं नसतं.

आणि दुसरी रेघ वर वळतच नसेल, तर आनंद मानण्याआधी चित्रांची वाटणी बघावी. एकाच माणसानं एका बैठकीत वीस वेळा काढलेला ‘क’ असेल, आणि त्यातले अठरा शिकवायला व दोन व्हॅलिडेशनला गेले असतील, तर ते दोन नेटवर्कला नवे नाहीतच. त्याच पेनाचा, त्याच हाताचा, त्याच वळणाचा ‘क’ त्यानं अठरा वेळा पाठ केलेला आहे. पाठांतर कितीही वाढलं, तरी ही रेघ उतरतच राहील आणि बिघाड पहिल्यांदा दिसेल तो अनोळखी माणसाचा कागद समोर आल्यावर. म्हणून चित्रं वाटताना अक्षरं न वाटता लिहिणारी माणसं वाटावीत: व्हॅलिडेशनमध्ये ज्यांचं अक्षर आहे, त्यांचं एकही अक्षर शिकवण्यात नसावं. अशी वाटणी केल्यावर तीच दुसरी रेघ आधीपेक्षा वर दिसेल, लवकर वळेल, आणि `lr` असो वा थांबण्याचा टप्पा, निवड तिच्यावरूनच करावी.